अकरा नऊ असताना लॉकरमधली हार्डडिस्क कशाला?

ग्रंथसेविका
नमस्कार. पुण्यातल्या पेठेतल्या एका जुन्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत मी आहे. गेल्या सहा वर्षांत आम्ही जुनी मासिकं, हस्तलिखित वह्या आणि संस्थेची इतिवृत्तं स्कॅन करून घेतली. आज ४ लाख पानं झाली आहेत. एक पान म्हणजे एक टिफ फाइल, साधारण पावणेनऊ एमबीची, म्हणजे सगळं मिळून साडेतीन टीबी. मूळ संग्रह कार्यालयातल्या मशीनच्या डिस्कवर असतो आणि रोज रात्री तो ॲमेझॉनच्या एसथ्री या क्लाऊड साठवणुकीवर, मुंबई रीजनमध्ये, सिंक होतो. शिवाय दर दिवाळीला एक नवी हार्डडिस्क आणायची, तिच्यावर सगळं उतरवायचं आणि ती लक्ष्मी रोडवरच्या बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायची, अशी पद्धत आधीच्या चिटणीसांनी घालून दिली आहे.

यंदा आमचे खजिनदार म्हणाले की हा खर्च आता थांबवू. क्लाऊडवर ९९.९९९९९९९९९ टक्के टिकाऊपणा आहे, नऊ अकरा वेळा. त्यांनी हिशेब करून दाखवला की आपलं एक पान हरवायला अडीच लाख वर्षं लागतील, आणि लॉकरमधली डिस्क तर पाच वर्षांतही बंद पडू शकते. मग जास्त भरवशाचं काय?

मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते बैठकीत सांगता आलं नाही. पुढची बैठक तीन आठवड्यांनी आहे. त्यांचा हिशेब चुकला आहे का?

सिंहगडरोडकर
असल्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका ताई. आमच्या ऑफिसचं सगळं काम क्लाऊडवर आहे. त्या कंपनीनेही ९९.९९ की काय सांगितलं होतं, आणि गेल्या वर्षी ऐन जीएसटी भरायच्या दिवशी दोन तास काहीच उघडत नव्हतं. चार नऊ पाळता येत नाहीत तिथे अकरा कुठून पाळणार?

डेटावाला_हडपसर
व्हर्जनिंग चालू आहे का एवढं बघा. चालू असेल तर खजिनदार बरोबर आहेत. फाइल चुकून डिलीट झाली तरी जुनी आवृत्ती आतच राहते. अकरा नऊ अधिक व्हर्जनिंग म्हणजेच बॅकअप. लॉकरचं भाडं वाचवा.

मुळाकाठी
मी बारा वर्षं स्टोरेजच्याच कामात आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी खजिनदारांचा हिशेब. तो बरोबर आहे. अकरा नऊ म्हणजे एक फाइल एका वर्षात हरवण्याची शक्यता दहा हजार कोटींत एक. तुमच्या ४ लाख फायली धरल्या तर सरासरीने अडीच लाख वर्षांत एक पान. ॲमेझॉन स्वतः हेच दुसऱ्या शब्दांत सांगते: १ कोटी फायली ठेवल्या तर १०,००० वर्षांत एक हरवेल.

सिंहगडरोडकर, तुम्ही म्हणता तो आकडा वेगळ्या गोष्टीचा आहे. दुकान दोन तास बंद होतं, आतला माल जागेवर होता. एसथ्रीच्या नेहमीच्या प्रकारासाठी उपलब्धता ९९.९९ टक्के धरलेली असते, म्हणजे वर्षाला सुमारे ५३ मिनिटं बंद. अकरा नऊ मालाबद्दल आहेत. आणखी एक: पैसे परत मिळण्याचा करार असतो तो उपलब्धतेचा. टिकाऊपणाबद्दल कंपनी एवढंच म्हणते की रचना इतक्यासाठी केली आहे.

आता हा आकडा येतो कुठून ते बघू, कारण ग्रंथसेविकाताईंना बैठकीत जे सांगायचं आहे ते त्यातच आहे. बॅकब्लेझ नावाची कंपनी आपली रचना उघडपणे सांगते, म्हणून तिचं उदाहरण घेतो. तिच्या मूळ रचनेत फाइलीचे १७ तुकडे करतात आणि त्यांच्यावरून गणिताने आणखी ३ तुकडे तयार करतात. हे २० तुकडे वीस वेगळ्या मशीनमधल्या वीस डिस्कवर जातात. त्यांतले कुठलेही १७ हाती असले की पूर्ण फाइल परत उभी राहते. म्हणजे तीन डिस्क मेल्या तरी काही बिघडत नाही. त्या तीन भरून निघायच्या आत चौथी मेली तरच फाइल जाते.

डिस्क वर्षभरात मरण्याची शक्यता दीड टक्का धरा आणि मेलेल्या डिस्कचे तुकडे एका दिवसात दुसरीकडे उभे राहतात असं धरा. हे दोन्ही आकडे मी हिशेबासाठी घेतले आहेत, कंपनीचे नाहीत.

```
from math import comb
p = 0.015 / 365
print(comb(20, 4) * p**4 * 365)
```

उत्तर येतं साधारण 5e-12, म्हणजे अकरा नऊ. आता दुरुस्तीला एक दिवसाऐवजी सात दिवस लागतात असं धरा. डिस्क त्याच, तुकडे तेवढेच, पण धोका ३४३ पट होतो आणि अकराचे आठ नऊ राहतात. हे नऊ महागड्या डिस्कमधून येत नाहीत, मेलेली डिस्क किती लवकर भरून काढली यातून येतात. मोठ्या कंपन्यांकडे ते चोवीस तास आपोआप चालू असतं आणि आपल्याला कार्यालयात ते कधीच जमणार नाही. म्हणून तो आकडा खरा आहे आणि त्यासाठी क्लाऊडचे पैसे देणं योग्यच आहे.

पण त्या तीन ओळी पुन्हा वाचा. त्यांत डिस्क आहेत आणि दिवस आहेत. तुमची रात्रीची स्क्रिप्ट नाही, खात्याचा पासवर्ड नाही, कार्ड संपल्यामुळे न भरलेलं बिल नाही. "ही फाइल पुसा" असा हुकूम तुमच्या खात्यातून गेला की वीसही तुकडे पुसले जातात आणि त्यांच्या दृष्टीने ते काम नीट पार पडलेलं असतं. अकरा नऊंच्या हिशेबात ती फाइल हरवलेली धरतच नाहीत.

डेटावाला, व्हर्जनिंगबद्दल रात्री लिहितो. तुमचं म्हणणं बरंचसं खरं आहे, पण भाडं वाचवण्याइतकं नाही.

शटरस्पीड_कोथरूड
मुळाकाठी म्हणतात तो हुकूम माझ्याच मशीनने दिला होता, म्हणून लिहितो.

मी लग्नाचे फोटो काढतो. स्टुडिओत एक छोटं लिनक्स मशीन आहे आणि त्याला यूएसबीने मोठी डिस्क जोडलेली असायची. रोज रात्री दीड वाजता आरक्लोन या फायली चढवणाऱ्या प्रोग्रॅमची एवढी एकच ओळ चालायची:

```
rclone sync -v /mnt/photo remote:studio
```

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये एका संध्याकाळी वीज कडाडून लाइट गेले. तासाभराने आले, मशीन आपोआप सुरू झालं. डिस्क मात्र त्या झटक्यात गेली होती. ते मला माहीत नव्हतं, मी बाणेरला एका रिसेप्शनला होतो. डिस्क नसली तरी मशीन अडकू नये म्हणून डिस्क जोडण्याच्या fstab या फाइलीत मीच `nofail` लिहून ठेवलं होतं. त्यामुळे मशीन नीट सुरू झालं, `/mnt/photo` हे फोल्डर होतं, फक्त त्यात काहीच नव्हतं.

दीड वाजता सिंक सुरू झालं. सिंकचं काम काय, तर तिकडचं इकडच्यासारखं करणं. इकडे शून्य फोटो होते, म्हणून तिकडेही शून्य झाले. सकाळी लॉग उघडला तर ओळीमागून ओळ, फाइलीचं नाव आणि पुढे `Deleted`. ६१ हजार ओळी. शेवटी कुठेही एरर नाही. रिकामं फोल्डर हे त्याच्या लेखी रिकामं फोल्डर असतं, ती चूक नसते.

व्हर्जनिंग नव्हतं. मूळ रॉ फायली कायमच्या गेल्या. जी जोडपी पेनड्राइव्ह घेऊन गेली होती त्यांच्या घरी जाऊन मी जेपीजी परत मागून आणले. एका ताईंनी पेनड्राइव्ह कपाटातल्या दागिन्यांच्या डब्यातून काढून दिला. तिच्या वडिलांचे शेवटचे फोटो त्यात होते. त्या पेनड्राइव्हची दुसरी प्रत तेव्हा जगात कुठेही नव्हती, आणि हे मला तिला सांगावं लागलं.

ज्या कारणाने डिस्क गेली त्याच कारणाने क्लाऊडवरची प्रत गेली, त्याच रात्री. मला वाटत होतं माझ्याकडे दोन प्रती आहेत.

वारजेची_मावशी
माझा प्रश्न कदाचित इथला नसेल. फोनमध्ये जागा नाही म्हणून मी गॅलरीतले नातवाचे फोटो काढून टाकले. सगळे गूगल फोटोजवर चढलेले आहेत असं दिसत होतं, म्हणून निर्धास्त होते. आता तिकडेही नाहीत. अकरा नऊ त्यांच्याकडेही असतील ना? मग कुठे गेले?

मुळाकाठी
मावशी, प्रश्न अगदी इथलाच आहे. बऱ्याच फोनवर गॅलरी म्हणजे गूगल फोटोजचंच ॲप असतं. त्या ॲपमधून काढलेला फोटो फोन आणि क्लाऊड दोन्हीकडून जातो. पण आधी हे करा: ॲपमध्ये ट्रॅश किंवा बिन आहे, तिथे बघा. क्लाऊडवर चढलेले फोटो काढल्यापासून ६० दिवस तिथे राहतात. आजच बघा आणि "रिस्टोअर" दाबा. पुढच्या वेळी फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर त्याच ॲपमधला "फ्री अप स्पेस" पर्याय वापरा, तो फक्त फोनवरची प्रत काढतो.

वारजेची_मावशी
सापडले! २१२ फोटो परत आले. फार उपकार झाले. आता मुलीला सांगून एका डिस्कवर घेऊन ठेवते.

मुळाकाठी
छान झालं मावशी.

आता व्हर्जनिंग. शटरस्पीड यांच्याकडे ते चालू असतं तर त्यांचे फोटो वाचले असते, यात शंका नाही. व्हर्जनिंग असलेल्या बकेटमध्ये, म्हणजे क्लाऊडवरच्या आपल्या कप्प्यात, साधा डिलीट आला की फाइल जात नाही, तिच्यावर "डिलीट झाली" अशी एक खूण बसते. आरक्लोनमध्ये तारीख देऊन बकेट त्या वेळी कशी होती ते बघता येतं:

```
rclone copy --s3-version-at "2025-06-10 20:00:00" \
  remote:studio /mnt/nava
```

वीज गेली त्याच्या आदल्या संध्याकाळची वेळ टाकायची आणि नव्या डिस्कवर सगळं उतरवायचं. डेटावाला यांचं म्हणणं इथवर पूर्ण खरं आहे.

पुढे तीन ठिकाणी ते अपुरं पडतं. जुन्या आवृत्त्यांचेही पैसे लागतात, म्हणून जवळजवळ प्रत्येक जण लाइफसायकल नियम लावतो, की जुनी आवृत्ती ३० किंवा ९० दिवसांनी कायमची काढा. चूक त्या मुदतीत लक्षात आली तरच उपयोग. चार लाख पानांतलं एक पान ९० दिवसांत कोण उघडून बघतं?

दुसरं, जुन्या आवृत्तीचा क्रमांक देऊन डिलीट केलं तर ती खरोखर जाते. त्यासाठी `s3:DeleteObjectVersion` ही वेगळी परवानगी लागते. रात्रीच्या स्क्रिप्टच्या किल्लीला ती देऊ नका, तिला गरजच नसते. पण खात्याची मुख्य किल्ली ज्याच्या हाती लागेल त्याला कोण अडवणार? २०१४ मध्ये कोड स्पेसेस नावाच्या कंपनीच्या ॲमेझॉन खात्यात एक जण घुसला आणि त्याने साठवलेला बहुतेक डेटा पुसला, बॅकअपसकट, कारण बॅकअपही त्याच खात्यात होते. कंपनी बंद पडली.

तिसरं, खातं किंवा त्यातली पूर्ण सेवाच जाणं. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं गूगल क्लाऊडवरचं प्रायव्हेट क्लाऊड सबस्क्रिप्शन एका चुकीच्या सेटिंगमुळे पुसलं गेलं. त्यांच्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी होत्या, पण दोन्ही त्याच सबस्क्रिप्शनखाली, म्हणून दोन्ही गेल्या. सभासदांना साधारण आठवडाभर आपले पैसे दिसत नव्हते. सावरायला ज्या गोष्टींची मदत झाली त्यांत दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेला बॅकअप होता.

डेटावाला_हडपसर
मान्य. पण ऑब्जेक्ट लॉकचं काय? कंप्लायन्स मोडमध्ये मुदत संपेपर्यंत मुख्य खातेदारालाही पुसता येत नाही. मग चोर आला तरी काय करणार?

मुळाकाठी
चोराविरुद्ध ते फारच चांगलं आहे. ॲमेझॉनच्याच कागदात लिहिलंय की तशी फाइल मुदतीआधी जाण्याचा एकच मार्ग, खातं बंद करणं. म्हणजे तिसरा मुद्दा तसाच राहतो. आणि दहा वर्षांची मुदत चुकून लावली तर चुकीच्या फायलींचे पैसेही दहा वर्षं भरावे लागतील. ग्राहकांचा डेटा सांभाळत असाल तर लावा, छोट्या संस्थेला मी थोडं जपून सांगेन.

हिशेब_चोख
ज्या खजिनदारांची चर्चा चालली आहे तो मीच. ताईंनी धागा पाठवला म्हणून खातं काढून लिहितोय. ताई, राग नाही, उलट बरं झालं.

मुळाकाठी साहेब, तुमचा हिशेब कळला. डिस्क मरण्याचा धोका आणि आपल्या चुकीचा धोका हे वेगळे, आणि मी पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला लावलं. पण संस्थेची वर्गणी किती येते ते मला माहीत आहे. दर वर्षी नवी डिस्क का? दुसऱ्या एखाद्या क्लाऊड कंपनीकडे प्रत ठेवली तर लॉकर, रिक्षा, डिस्क काहीच नको. दुसरं खातं, दुसरा पासवर्ड. तुमच्या तिन्ही मुद्द्यांना उत्तर मिळतं.

मुळाकाठी
हे उत्तर चालण्यासारखं आहे, फक्त तिकडे रोजचं सिंक लावू नका. नाहीतर शटरस्पीड यांच्या रिकाम्या फोल्डरसारखा प्रकार दोन्ही कंपन्यांकडे एकाच रात्री होईल. आणि परत आणायचा वेळही मोजा. साडेतीन टीबी १०० एमबीपीएसच्या लाइनवरून उतरवायला, लाइन पूर्ण वेगाने आणि अखंड चालली तरी, सव्वातीन दिवस लागतात.

लॉकरमधल्या डिस्कची एक गोष्ट मला आवडते. तिला वायर जोडलेली नाही, म्हणून कुठलीही स्क्रिप्ट, कुठलाही पासवर्ड तिच्यापर्यंत पोचत नाही. पण खजिनदारांची शंकाही रास्त आहे, पडून राहिलेली डिस्क सुरू होईलच असं नाही. म्हणून दर वर्षी ती बाहेर काढून वाचून बघायला हवी. बघता का कधी?

ग्रंथसेविका
खरं सांगते, कधीच नाही. आत ठेवतो आणि पावती फाइलला लावतो.

शटरस्पीड_कोथरूड
आता माझ्याकडे काय आहे ते लिहितो, वाचनालयाच्या स्क्रिप्टलाही लागू पडेल. डिस्कवर एक रिकामी फाइल ठेवली आहे. ती दिसली तरच पुढे जायचं:

```
test -f /mnt/photo/.disk-ahe || exit 1
rclone sync /mnt/photo remote:studio --max-delete 200 -v
```

दोनशेपेक्षा जास्त डिलीट व्हायला लागले की ते तिथेच थांबतं. गेल्या मार्चमध्ये एकदा थांबलं. मी एका फोल्डरचं नाव बदललं होतं म्हणून, पण थांबलेलं बघून बरं वाटलं. आणि व्हर्जनिंग आता चालू आहे.

ग्रंथसेविका
मंडळी, दहा दिवसांनी लिहितेय, कारण मध्ये बरंच घडलं.

धागा वाचून मी आणि आमचा स्कॅनिंगचं काम बघणारा मुलगा बसलो. आमच्या बकेटमध्ये व्हर्जनिंग आहे, जुनी आवृत्ती ९० दिवसांनी जाते. स्क्रिप्टमध्ये शटरस्पीड यांची ओळ घातली. मग तो म्हणाला, एकदा रिकाम्या फायली आहेत का बघू.

```
find /data/scan -name '*.tif' -size 0 | wc -l
```

आकडा आला ३८.

सगळ्या एकाच फोल्डरमधल्या, १९३० च्या दशकातल्या इतिवृत्तांच्या दोन वह्यांतल्या. बदलल्याची तारीख सगळ्यांची एकच, फेब्रुवारीतली एक रात्र. त्याला आठवलं की त्या रात्री त्याने तिरकी आलेली पानं सरळ करणारा प्रोग्रॅम चालवून ठेवला होता आणि सकाळी डिस्क भरल्याचा निरोप पडद्यावर होता. त्याने जागा मोकळी करून पुढचं काम सुरू केलं. प्रोग्रॅम मूळ फाइल उघडून तिच्यावरच नवी लिहीत होता. जागा संपली तेव्हा जुनी पुसली गेली होती आणि नवी लिहिली गेली नव्हती. फाइलीचं नाव बरोबर, जागा बरोबर, आत शून्य बाइट.

त्याच रात्री सिंकने ही ३८ रिकामी पानं वर चढवली. क्लाऊडवर ती आजही आहेत, शून्य बाइटची. आज ऑक्टोबर आहे, खऱ्या पानांच्या आवृत्त्या मे महिन्यातच नियमाप्रमाणे निघून गेल्या. ॲमेझॉनने काहीच हरवलं नाही. आम्ही जे दिलं ते त्यांनी नीट जपलं आहे.

गुरुवारी खजिनदार आणि मी बँकेत गेलो. गेल्या दिवाळीची डिस्क काढली. सुरू होताना ती जरा जास्तच वेळ घुमत होती, तेवढा वेळ आम्ही दोघंही बोललो नाही. मग फोल्डर उघडलं. ३८ पैकी ३१ पानं त्यात आहेत, उघडतात, वाचता येतात.

उरलेली ७ पानं जानेवारीत स्कॅन झाली होती, म्हणून त्या डिस्कवर नाहीत.

मुळाकाठी
३१ मिळाली हे ऐकून फार बरं वाटलं. ती डिस्क आता दुसऱ्या कुठल्याही कामासाठी जोडण्याआधी तिची एक पूर्ण प्रत काढून घ्या.

एक काळजी मात्र आहे. `-size 0` ने फक्त पूर्ण रिकाम्या फायली पकडल्या. जागा संपली त्या क्षणी जे पान लिहिलं जात होतं ते अर्धवट असू शकतं. त्याचा आकार शून्य नाही, नाव बरोबर आहे, पण खालचा भाग नाही. त्या रात्रीच्या तारखेच्या सगळ्या फायली आकारानुसार लावा आणि पावणेनऊ एमबीपेक्षा बऱ्याच लहान असतील त्या एकेक उघडून बघा. इथून पुढे पान स्कॅन करून तपासलं की त्याच दिवशी `sha256sum` ने त्याची खूण, म्हणजे फाइलीच्या आतल्या मजकुरावरून निघणारा आकडा, एका यादीत लिहून ठेवा. पान सरळ करण्यासारखं काम प्रतीवर करा, मूळ स्कॅनवर नको. मग दर दिवाळीला `sha256sum -c` चालवलं की मूळ संग्रहातलं कुठलं पान बदललं ते कळेल. बदलायला नको होतं ते बदललेलं दिसलं की जुन्या डिस्ककडे वळायचं.

ग्रंथसेविका
बघितलं. दोन फायली अर्धवट निघाल्या, एक ३ एमबीची, एक ५ एमबीची. दोन्ही लॉकरच्या डिस्कवर पूर्ण आहेत.

डेटावाला_हडपसर
ताई, तो नियम ९० दिवसांऐवजी एक वर्ष करा. तुमच्या फायली बदलतच नाहीत, त्यामुळे जुन्या आवृत्त्यांचा खर्च फार वाढणार नाही. मी लॉकर सोडा म्हणालो होतो ते मागे घेतो. पण दर वर्षी नवी डिस्क हे मला अजून पटलेलं नाही. दोन डिस्क आलटून पालटून वापरा, पुरे.

मुळाकाठी
नियम वर्षाचा करा, हे मलाही पटतं. दोन डिस्कबद्दल माझं मत वेगळं आहे. दोनच असतील तर सगळ्यात जुनी प्रत फार तर दोन वर्षांची. अशी चूक तीन वर्षांनी लक्षात आली तर दोन्हींवर शून्य बाइटचीच पानं असतील. यांच्याकडे सहा वर्षांच्या डिस्क आहेत ना? त्या पुसू नका.

डेटावाला_हडपसर
खुणांची यादी दर वर्षी तपासली तर चूक तीन वर्षं लपणार कशी? वर्षात पकडली जाईल. मग दोन पुरतात.

मुळाकाठी
तपासली तर. गेली सहा वर्षं डिस्क लॉकरमधून बाहेर आली नव्हती, हे वर लिहिलेलं आहे.

हिशेब_चोख
यावर बैठकीत ठरवू. तूर्त डिस्कच्या खर्चाला माझी हरकत नाही. लॉकरमध्ये पाच जुन्या डिस्क आहेत, गुरुवारी मोजल्या. त्यांतली सगळ्यात जुनी कार्यालयात आणून लावली, ती सुरू झाली नाही. बाकी चार पुढच्या आठवड्यात बघतो.

शटरस्पीड, तुम्ही कोथरूडचे ना? शनिवारी अर्धा तास येऊन आमच्या मुलाला ती स्क्रिप्ट लावून दाखवाल का? चहा आमच्याकडे.

शटरस्पीड_कोथरूड
शनिवारी लग्न आहे. रविवारी सकाळी नऊला येतो काका.

ग्रंथसेविका
त्या ७ पानांच्या वह्या कपाटातून काढल्या. पाच पानं काल पुन्हा स्कॅन झाली. उरलेल्या दोन पानांचा कागद घडीवर तुटतो आहे, जानेवारीत ती कशी सपाट केली होती ते त्या मुलालाही नीट आठवत नाही. आम्ही ती दोन टिश्यूंच्या मध्ये ठेवून दिली आहेत. पुण्यात असा जुना कागद हाताळणारं कोणी माहीत असेल तर इथे किंवा व्यक्तिगत निरोपात कळवा.